निळी भिंत, गेरूचा पट्टा : एका गल्लीचा फोटो वाचताना

मावशीच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली, एक सुटा रंगीत फोटो निघाला. पोस्टकार्डाएवढा, मागे काहीच लिहिलेलं नाही. अरुंद गल्ली. डाव्या हाताला निळ्या भिंतीचं घर, उजव्या हाताला चुन्याची लांब पांढरी भिंत आणि तिच्या पायाशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा. निळ्या घराचा उंबरठा पिवळा दिसतो. गल्लीत माणूस एकच, पाठमोरा, डोक्यावर पांढरी टोपी. दुकानाची पाटी नाही, देवळाचा कळस नाही.

मावशी म्हणाली, "हे भोकर. आपल्या जुन्या घराच्या मागची गल्ली."

मामा म्हणाले, "नाही गं, भैंसा आहे हे. मी दोन वर्षं तिथं दुकानावर होतो. असे पिवळे उंबरठे तिकडंच."

दोघांच्याही आठवणीवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच फोटोकडे नीट बघावं लागलं. पुढचं सगळं त्या बघण्यातून आलेलं आहे: भिंतीच्या रंगावरून गाव कितपत ओळखता येतं आणि कुठे फसगत होते.

दोन गावं, एकच जुना जिल्हा

नांदेडहून निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी भोकर लागतं आणि पुढे सुमारे चाळीस किलोमीटरवर भैंसा. आज मध्ये राज्याची हद्द आहे. भोकर महाराष्ट्रात, भैंसा तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात. पण 1956 पर्यंत दोन्ही गावं हैदराबाद राज्यात होती, इतकंच नाही तर भैंसा ज्या मुधोळ तालुक्यात येतं तो तालुकाही नांदेड जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुधोळ तालुका आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला. तालुका गेला तरी तिथली मराठी बोलणारी घरं तिथेच राहिली. भोकरकडेही तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत. सोयरिकी आणि बाजारहाट दोन्हीकडून चालत आलेला आहे.

रंगांवरून गाव शोधताना हे आधी ध्यानात ठेवावं लागतं. जोधपूर आणि पणजी यांच्यातला फरक भिंत एका नजरेत सांगेल. एकाच जिल्ह्यात राहिलेल्या दोन शेजारगावांतला फरक तिला सांगता येईलच असं नाही.

आधी फोटोचा रंग, मग भिंतीचा

भिंत निळी आहे असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर कागदावरचा ठिपका निळा असतो. तो ठिपका दोन वाटांनी खोटं बोलू शकतो.

पहिली वाट कागदाची. रंगीत फोटोच्या कागदात निळसर, गुलाबी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात आणि ते सारख्या वेगाने विटत नाहीत. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या पुष्कळ प्रिंटांत, पेटीत अंधारात ठेवलेल्या असल्या तरी, निळसर थर आधी विटतो. त्यामुळे अख्खा फोटो तांबूस होत जातो. अशा फोटोत फिक्या निळ्या चुन्याची भिंत करडी किंवा चक्क पांढरी दिसते, आणि गेरू होता त्याहून भडक दिसतो. म्हणून फोटोत आधी ओळखीचा रंग शोधायचा: पांढरी टोपी, धोतर, एस.टी.ची लाल गाडी, शाळेचा गणवेश. आमच्या फोटोत टोपी आहे. ती किंचित गुलाबी झालेली आहे. म्हणजे निळ्या भिंतीचा रंग मुळात आज दिसतो त्याहून गडद असणार, आणि गेरू थोडा मवाळ.

दुसरी वाट सावलीची, आणि ती आजच्या मोबाइलच्या फोटोंनाही लागू आहे. अरुंद गल्लीत ऊन वरच्या भिंतीवर पडतं आणि खाली सावली असते. सावलीतल्या भिंतीवर सूर्याचा थेट उजेड नसतो, पण वरच्या निळ्या आकाशाचा असतो. कोरी पांढरी भिंतसुद्धा अशा उजेडात निळसर उतरते. नुसत्या सावलीला 'निळी गल्ली' समजण्याची चूक फार सहज होते. ती टाळायला त्याच भिंतीचा उन्हातला तुकडा बघायचा. तिथेही निळं दिसलं तर रंग भिंतीचा, तिथे पांढरं दिसलं तर रंग आकाशाचा. आमच्या फोटोत निळ्या घराच्या माथ्यावर हातभर ऊन आलेलं आहे आणि तिथेही भिंत निळीच आहे. उजवीकडची भिंत मात्र सावलीत निळसर आणि उन्हात पांढरी आहे. ती पांढऱ्या चुन्याची.

पांढरं म्हणजे चुनाच असं नाही

मराठवाड्यात पांढरी भिंत निदान तीन प्रकारे होते, आणि त्या तिन्ही फोटोत वेगळ्या दिसतात.

सगळ्यांत जुनी म्हणजे पांढऱ्या मातीची. गाव ज्या जागेवर वसलेलं असतं त्या जमिनीला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेतीच्या जमिनीला 'काळी'. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या घरांची माती साठून गावठाणाची माती फिकट, भुरकट झालेली असते. जुन्या गढ्यांची अशीच माती लोक गाड्या भरभरून नेत, कारण माळवदावर घालायला ती चांगली. दाबून बसली की पाणी लवकर झिरपू देत नाही. हीच माती गाळून, पातळ करून बायका भिंती पोतारत. या भिंतीचा पांढरा रंग उबदार असतो, दुधात चहाचा थेंब पडावा तसा. तिच्यावर हाताच्या बोटांच्या अर्धगोल रेघा राहतात. ती पापुद्रे सोडत नाही. पावसात फक्त धुपत जाते.

दुसरी चुन्याची. तिचा पांढरा रंग थंड आणि लख्ख असतो. चुना कुंच्याने देतात. एकदा वरून खाली, लगेच त्यावर खालून वर, मग ओला असतानाच आडवा हात. त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते. दरवर्षी थरावर थर चढत गेले की चुना जाड होतो आणि पोळीचा पापुद्रा सुटावा तसा सुटतो. सुटलेल्या जागी आतला जुना रंग डोकावतो. फोटो वाचणाऱ्याला ही जागा फार मोलाची, कारण तिथे घराचा मागच्या काही वर्षांचा इतिहास उघडा पडलेला असतो.

तिसरी सिमेंटच्या रंगाची, जिला सगळीकडे 'स्नोसेम' म्हणूनच ओळखतात, आणि नंतरच्या काळात प्लास्टिक रंगाची. इथे पृष्ठभाग एकसारखा असतो, कुंच्याची जाळी दिसत नाही, आणि खराब झाला तर पावडरीसारखा झडतो किंवा फुगा धरून सोलला जातो. हे दिसलं की मागची भिंत बहुधा मातीची नसून विटांची किंवा सिमेंटच्या गिलाव्याची असते.

जुन्या फोटोंत एक चौथी पांढरी खूणही भेटते. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं घराघरांत डीडीटीची फवारणी होत राहिली. डीडीटीची पूड पाण्यात कालवून मारलेली असल्याने मातीच्या भिंतीवर पांढरट फराटे उमटत. घाईत बघणारा त्याला अर्धवट चुना समजतो. फवारणीनंतर भिंत सारवू नका असं कर्मचारी सांगून जात, कारण वर सारवण चढलं की औषध झाकलं जातं. आणि सणाच्या तोंडावर फराट्यांची भिंत तशीच ठेवणं घरच्या बाईला जड जाई.

पांढरा आणि निळा एकाच बादलीतले

आता डावीकडचं निळं घर. याची गोष्ट चुन्याच्या बादलीतच सुरू होते.

कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात टाकला की उकळी फुटते आणि खडे फुटून लोणी होतं. सरकारी बांधकामाच्या नियमात एक किलो चुन्याला अंदाजे पाच लिटर पाणी धरतात. चुना एक दिवस भिजू द्यायचा, जाड्याभरड्या फडक्यातून गाळायचा, आणि भिंतीला धरून राहावा म्हणून गरम पाण्यात विरघळवलेला डिंक किंवा सरस घालायचा. देताना हा चुना जवळजवळ पारदर्शक असतो. वाळेल तसा पांढरा फुटतो. नवख्या माणसाला वाटतं पुरेसा लागलाच नाही, म्हणून तो घट्ट चुना थापतो, आणि तोच पुढे पापुद्र्याने सुटतो. पातळ तीन हात दिले तर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा चुनखडीत बदलतो आणि भिंतीवर दगडासारखा बसतो.

या चुन्याला किंचित पिवळी झाक असते. ती मारायला नीळ घालतात, आपण पांढऱ्या कपड्यांना घालतो तीच. त्याच सरकारी नियमात प्रमाण किलोमागे जास्तीत जास्त 3 ग्रॅम आहे. एवढ्या निळीने भिंत निळी होत नाही, उलट अधिक पांढरी दिसते. पण हात सैल सोडला, पुडीमागून पुडी पडत गेली, की तीच बादली आधी आभाळी आणि मग गडद निळी होते. म्हणजे पांढरी आणि निळी भिंत या दोन परंपरा नाहीतच. एकाच बादलीत नीळ किती पडली एवढाच फरक आहे. मला हे कळलं तेव्हापासून निळ्या घरांकडे बघण्याची माझी रीतच बदलली. वेगळा कारागीर नको, वेगळा दगड नको, शेजारच्या किराणा दुकानातली पुडी पुरते.

नीळ हीच का, यालाही कारण आहे. चुना तीव्र अल्क असतो आणि बरेच निळे रंग त्यात टिकत नाहीत. प्रशियन ब्ल्यू नावाचा रंग चुन्यात हळूहळू बिघडतो. 1820 च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत कारखान्यात बनू लागलेला अल्ट्रामरीन मात्र चुन्यात शांत बसतो; त्याला मारतं ते आम्ल. आज पुडीत मिळते ती नीळ हीच, आणि तिच्या निळ्यात जांभळ्याची छटा असते.

दुसरा निळा मोरचुदाचा. बागायतदार शेतकऱ्याला तो सांगायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी म्हणजे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण, आणि मोसंबीच्या बुंध्यांना लावतात त्या घट्ट बोर्डो मलमाचा फिका आकाशी रंग मराठवाड्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो. वाळवीपासून बचाव म्हणून भिंतीच्या चुन्यात मोरचूद घालायची पद्धत जोधपूरच्या निळ्या घरांबद्दल नेहमी सांगितली जाते. फोटोत हे दोन निळे वेगळे ओळखता येतात: जांभळ्याकडे झुकणारा निळा पुडीचा, हिरव्याकडे झुकणारा मोरचुदाचा. आमच्या फोटोतला निळा जांभळ्याकडे झुकतो. कागद तांबूस झाल्यामुळेही थोडं जांभळं वाढलं असेल, तरी हिरवेपणाचा लवलेश उन्हातल्या तुकड्यातही नाही. म्हणजे पुडीची नीळ.

यावरून प्रदेश कळतो का? जोधपूरच्या ब्रह्मपुरीत घराला घर लागून संपूर्ण वस्ती निळी दिसते. टेकडीवरच्या किल्ल्यावरून काढलेला फोटो त्यामुळेच ओळखू येतो. तशी सलग निळाई हा प्रदेशाचा पुरावा आहे. एकटंदुकटं निळं घर नाही. मराठवाडा, विदर्भ, माळवा, छत्तीसगड, सगळीकडे निळीचा चुना दिलेली घरं आहेत. आमच्या गल्लीत निळं घर एक आहे आणि समोर पांढरी भिंत आहे. यातून जोधपूर वगळता येतं, एवढंच.

निळ्यावरून घरात कोण राहतं ते सांगू नये

मराठवाड्यातला निळा म्हटलं की कुणाच्याही मनात आणखी एक अर्थ येतो, म्हणून तो सोडून पुढे जाणं बरोबर नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 मध्ये स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता आणि तेव्हापासून निळा हा आंबेडकरी चळवळीचा रंग आहे. वस्तीच्या कमानी, विहारं, चौकातले कट्टे हा रंग अभिमानाने मिरवतात. पण घराच्या भिंतीवरची नीळ त्याआधीपासूनची आहे आणि ती सगळ्या समाजांच्या घरांवर चढलेली आहे. विहार ओळखायचं ते अशोकचक्रावरून, पंचशील ध्वजावरून, कमानीवरच्या अक्षरांवरून. नुसत्या निळ्या भिंतीवरून जात ठरवणं हे फोटो वाचणं नव्हे, आणि त्याने कुणाला तरी इजा होऊ शकते. हिरव्या भिंतींबद्दलही मी हेच म्हणेन. पिस्ता रंग एका काळात इतका चालला की तो कुठल्याही घरावर सापडतो.

पायाशी गेरू का, आणि त्याच्या वर काय उडालंय

उजवीकडच्या भिंतीचा गेरूचा पट्टा शोभेचा वाटतो, पण त्याच्या जागेला कारण आहे. पावसाचं पाणी माळवदाच्या पन्हळीतून किंवा पत्र्याच्या कडेवरून जमिनीवर आदळतं आणि चिखलासकट भिंतीवर उडतं. शिवाय जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते, आणि भिंतीला लोणा लागतो. चुना तिथे कितीही चांगला दिला तरी फुगून गळतो. खालचा हातभर भाग म्हणूनच दरवर्षी खराब होणार हे ठरलेलं. तिथे डाग झाकणारा, स्वस्त, पुन्हापुन्हा देता येणारा रंग हवा. गेरू नेमका तसा. तो लोहाच्या ऑक्साइडची माती आहे. उन्हाने उडत नाही, चुन्यात बिघडत नाही. त्याच्याच कुळातली पिवडी भट्टीत भाजली तर तीही तांबडी होते, कारण उष्णतेने तिच्यातलं पाणी निघून जातं.

नावं मात्र प्रदेशाप्रमाणे बदलतात. आपण गेरू म्हणतो, कोकणात काव, तेलुगूत जाजू, कन्नडमध्ये केम्मण्णु. पूड जवळपास तीच. तेव्हा गेरूचा पट्टा दिसला यावरून राज्य ठरत नाही. पट्ट्याचा वापर कसा केलाय ते बघावं. तेलंगणात पट्ट्यावर पांढऱ्या मुग्गूच्या, म्हणजे रांगोळीच्या, रेघा आणि ठिपके काढलेले पुष्कळदा दिसतात. तांबडे-पांढरे उभे पट्टे आळीपाळीने दिलेली देवळाची आवारभिंत दिसली तर नजर आणखी दक्षिणेकडे न्यावी. आमच्या फोटोतला पट्टा साधा आहे, वरची कड सुतळी ताणून सरळ घेतलेली, आणि त्यावर रेघ नाही.

माझ्या अनुभवात पट्ट्यापेक्षा जास्त बोलतात ते त्याच्या वर उडालेले शिंतोडे. घरमालक रंग निवडू शकतो, चिखल निवडू शकत नाही. काळ्या जमिनीचा चिखल वाळला की करडा-काळसर डाग सोडतो. मुरमाड रस्त्याचा डाग विटकरी. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याच्या मातीचे शिंतोडे गडद तांबडे असतात, आणि पांढऱ्या भिंतीच्या पायाशी ते लांबूनही दिसतात. गोव्याची रंगीत घरं आणि मराठवाड्यातलं एखादं रंगीत घर यांत गोंधळ झाला तर भिंतीचा रंग सोडून खालच्या वितभर जागेकडे बघावं. आमच्या फोटोत गेरूच्या वर चार बोटांपर्यंत करडे ठिपके आहेत. काळी माती. कोकण गेलं, गोवा गेला. भोकर आणि भैंसा दोन्ही उरले, कारण काळी दोन्हीकडे आहे.

पिवळा उंबरठा

मामांचा सगळा भर यावर होता, आणि त्यात तथ्य आहे. तेलंगणात आणि आंध्रात उंबरठ्याला 'गडप' म्हणतात. तो हळदीच्या पिवळ्या रंगाने पूर्ण माखून त्यावर कुंकवाचे किंवा तांबडे-पांढरे ठिपके काढायची रीत घरोघर आहे. पूर्वी खरी हळद लावत, आता बऱ्याच ठिकाणी पिवळा ऑइल पेंट देऊन ठिपकेही रंगानेच काढून टाकतात. आपल्याकडेही उंबरठ्याला हळदकुंकू वाहतात, पण ते बोटांनी, मधोमध किंवा दोन टोकांना. अख्खं लाकूड पिवळं करत नाहीत.

आयग्लास घेऊन बघितलं. पिवळा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आहे, आणि मध्ये तीन ठिपके दिसतात. म्हणजे ही तेलुगू घराची रीत, यात मला शंका वाटत नाही. पण 'तेलुगू रीतीचं घर' आणि 'तेलंगणातलं गाव' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मामांनी दुसरं गृहीत धरलं होतं. भोकरच्या गल्लीत तेलुगू कुटुंब असू शकतं, सून तिकडची असू शकते. मावशीला विचारलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आपल्या मागं निर्मलकडचं एक घर होतं खरं. त्या काकू दर शुक्रवारी उंबरठा धुवायच्या."

कोणत्या महिन्यातला

गाव अडलं असलं तरी महिना बराचसा सापडला. आपल्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात: गोधड्या, चादरी, भांडी सगळं नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुतात, आणि त्याच सुमाराला भिंतींना हात लागतो. चुना पावसाळा उघडल्यावरच देतात. नव्या चुन्यावर पहिल्या महिन्यात डाग नसतात, होळीपर्यंत हात लागून दाराशी मळकट पट्टा होतो, आणि आषाढ-श्रावणात खालून शेवाळ आणि करडे शिंतोडे चढतात.

आमच्या फोटोत निळी भिंत ताजी आहे. दाराच्या चौकटीवर निळ्याचे ओघळसुद्धा आहेत, जे दोन-तीन महिन्यांत पुसले जातात. समोरची पांढरी भिंत मात्र शिंतोडे घेऊन उभी आहे, म्हणजे तिला अजून चुना मिळालेला नाही. पाऊस संपलाय आणि गल्लीतलं एक घर रंगवून झालंय, दुसरं व्हायचंय. भाद्रपदाचा शेवट ते आश्विन.

निळ्या घराच्या दाराशेजारी आणखी एक गोष्ट सापडली. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर पेंटर गणपती, केळीचे खांब आणि खाली वधूवरांची नावं तारखेसकट रंगवतो. ती भिंत पुढे चुन्याने झाकली तरी ऑइल पेंटची अक्षरं पातळ चुन्यातून वर्ष-दोन वर्षं डोकावत राहतात, कारण गुळगुळीत तेलरंगावर चुना नीट धरत नाही. आमच्या फोटोत निळ्याखालून 'शु' आणि त्याच्या पुढे 'भ'ची उभी रेघ दिसते. शुभविवाह. नावं आणि तारीख दाराच्या पल्ल्याआड.

मावशी लगेच म्हणाली, "बघ, मराठीत आहे. भोकर!" पण मुधोळ-भैंसा भागातल्या मराठी घरांच्या भिंतीवरही देवनागरीतच 'शुभविवाह' रंगवतात. उलट उंबरठा तेलुगू आणि भिंतीवरची अक्षरं देवनागरी, असं एकाच दाराशी सापडलेलं घर या हद्दीच्या कुठल्याही बाजूला असू शकतं.

फोटोच्या मागे

रंग जेवढं सांगू शकत होते तेवढं त्यांनी सांगितलं होतं. उरलेलं माणसांकडून यायला हवं, म्हणून मी मावशीला गल्लीचा नकाशा काढायला सांगितला, फोटो समोर न ठेवता. तिने तिच्या जुन्या घरामागची गल्ली काढली: वळण उजवीकडे, काकूंचं घर पूर्वेला तोंड करून. फोटोत निळ्या घराच्या माथ्यावर आलेलं ऊन समोरच्या भिंतीवरून तिरपं उतरतं आहे, सकाळचं की संध्याकाळचं ते सावलीवरून ठरत नाही, कारण दिशा माहीत नाही. दार खरंच पूर्वेला असेल तर ऊन सकाळचं ठरतं, आणि पाठमोऱ्या माणसाच्या हातात दुधाच्या लोट्यासारखा तांब्या आहे. जुळतं. पण मामांनी भैंशाचा नकाशा काढला तर तोही कदाचित जुळेल. ते येत्या आठवड्यात येणार आहेत, तेव्हा त्यांनाही फोटो समोर न ठेवता कागद देणार आहे.

तोवर फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने मी एवढं लिहून ठेवलं. पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते आणि दाब दिला तर अक्षरं उठतात, म्हणून पेन्सिल.

"भोकर (मावशी) / भैंसा (मामा). पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे. डावं घर: निळीचा ताजा चुना, त्याखाली जुनं शुभविवाह, देवनागरी. उंबरठा पूर्ण पिवळा, तीन ठिपके. उजवी भिंत: जुना पांढरा चुना, साधा गेरू, वर काळ्या मातीचे शिंतोडे. फोटो तांबूस झालेला. निळा मुळात गडद."